उरलेला पाय आणि त्याचा साचा

राधानगरी तालुक्यात गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा त्याच्याकडे साधारण तीन गोष्टी असतात: गोळ्यांची पिशवी, चार इंची क्रेप बँडेजचे दोन रोल आणि ‘जखम भरली की पायाचं बघू’ हे वाक्य. पाय का गेला याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. साखर वाढलेली, तळव्याला संवेदना नाही, चिखलणीच्या वेळी काहीतरी लागलं ते कळलंच नाही, आणि कळलं तोवर काळं पडलं होतं. अपघातात पाय गेलेले तरुणही असतात, पण ते कमी.

‘जखम भरली की पायाचं बघू’ या वाक्यातला ‘की’ किती लांबीचा असावा, यावर गेली साठ-सत्तर वर्षं डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम पाय बनवणारे तंत्रज्ञ वाद घालत आहेत. तो वाद कुठवर आला आहे आणि त्यातलं काय राधानगरीच्या घरात उपयोगी पडतं, ते या लेखात पाहायचं आहे. मी स्वतः फिजिओथेरपीत आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण दुसरी बाजूही नीट मांडायचा प्रयत्न केला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या कामाची मोठी जागा म्हणजे पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ते 1944 साली सुरू झालं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था 1955पासून आहे. पण गावोगाव लोकांच्या तोंडी जे नाव आहे ते ‘जयपूर फूट’. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968च्या सुमारास तो घडवला. व्हल्कनाइज केलेल्या रबराचं, आत स्पंज आणि लाकूड असलेलं हे पाऊल अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल अशा बेताने केलेलं आहे. पुढे 1975 साली जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि शिबिरांमधून हा पाय देशभर पोहोचला. आज आपल्याकडे कोणताही कृत्रिम पाय ‘जयपूर’च म्हटला जातो, मग तो कुठेही बनलेला असो.

नाव पावलाला मिळालं, पण दुखणं पावलामुळे क्वचित येतं. ते येतं सॉकेटमुळे. उरलेला पाय, ज्याला दवाखान्यात सगळे ‘स्टंप’ म्हणतात, ज्या पेल्यात बसतो तो पेला म्हणजे सॉकेट. 1950च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कले इथे गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर, म्हणजे पॅटेलर टेंडनवर, बराचसा भार घेणारं सॉकेट तयार झालं. त्याआधी मांडीला चामड्याचा पट्टा आणि बाजूला लोखंडी सांधे लावावे लागत. त्या बर्कलेच्या कल्पनेवर आजही आपल्याकडची बहुतेक गुडघ्याखालची सॉकेटं उभी आहेत. आता सॉकेट एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. सॉकेट कडक असतं आणि ते ज्या दिवशीच्या मापाचं असतं, त्याच मापाचं राहतं. स्टंप मात्र दर आठवड्याला बारीक होत जातो. शस्त्रक्रियेची सूज उतरते, मग वापरात नसलेले पोटरीचे स्नायू आटतात. पहिल्या सहा महिन्यांत हा फरक सर्वात जास्त, आणि पूर्ण स्थिर व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पट्टी कशी बांधायची, माप केव्हा घ्यायचं, शिबिरात पाय घ्यावा की केंद्रात, हे सगळे वाद या एका अडचणीभोवती फिरतात.

पहिला वाद: सुजेला काय करायचं

आपल्याकडे रूढ पद्धत क्रेप बँडेजची. ती स्वस्त आहे, जखम रोज पाहता येते, कुणालाही शिकवता येते. तिच्यावरचा आक्षेपही तितकाच खरा आहे: ती सैल होते, सरकते आणि चुकीची बांधली तर नुकसान करते. घरातलं माणूस पट्टी गोल-गोल गुंडाळतं, वरच्या बाजूला घट्ट आणि टोकाला सैल. मग रक्त खाली उतरतं पण वर चढत नाही, आणि स्टंपचं टोक गदेसारखं फुगतं. पट्टी न बांधलेला स्टंप यापेक्षा बरा म्हणायची वेळ येते.

बरोबर पट्टी तिरपी जाते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. टोकाला सर्वात घट्ट, वर येत येत सैल, आणि शेवट गुडघ्याच्या वर मांडीवर. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायची. ठणका लागला, टोक निळसर दिसलं, तर लगेच सोडायची. बांधून झाल्यावर वरच्या कडेखाली दोन बोटं सहज जायला हवीत, टोकाकडे जायला नकोत. मी घरच्यांना पट्टी शिकवताना आधी स्वतःच्या दंडावर गोल बांधायला सांगतो. पाच मिनिटांत बोटं जड होतात. मग पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरी बाजू प्लास्टरची. फ्रान्समध्ये बर्लेमाँ, पोलंडमध्ये वाईस आणि अमेरिकेत बर्जेस यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीपासून 60च्या दशकात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच प्लास्टर घालून त्याला तात्पुरता पाय जोडण्याची पद्धत रूढ केली. सूज येऊच द्यायची नाही, रोग्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करायचं. तरुण, अपघातात पाय गेलेल्या माणसाला ती मानवते. पण आत जखम बिघडली तर दिसत नाही, आणि मधुमेहात नेमकी तीच भीती असते. म्हणून 1979 साली शिकागोच्या डॉ. वू यांनी मधला मार्ग सुचवला: काढता-घालता येणारं प्लास्टरचं टोपण. आत मोजे घालायचे, सूज उतरेल तसे मोजे वाढवायचे, जखम पाहायला टोपण काढायचं. पडल्यावर टोकाला मार बसत नाही, हा त्याचा वरचा फायदा.

मग सिद्ध काय झालं? जगभरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने 2019 साली आढावा घेतला. चाचण्या लहान होत्या, पुरावा फार कमी विश्वासाचा ठरला, आणि कोणती पट्टी चांगली हे ठामपणे सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ‘टोपण बरं’ म्हणणारे आणि ‘क्रेप पुरे’ म्हणणारे दोघेही अनुभवावर बोलत आहेत. माझा अनुभव असा, की कोणती पट्टी यापेक्षा ती बांधणारं माणूस घरात एकच आहे की तिघे आळीपाळीने बांधतात, यावर बरंच ठरतं. एकाने शिकावं, त्यानेच बांधावी.

एका बाबतीत मात्र वाद नाही. गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. दुखतं म्हणून घरची मंडळी मायेने उशी सरकवतात. ‘उशी ठेवली की बरं वाटतंय बघा त्यांना,’ असं वहिनी सांगतात, आणि वाटतं हे खरंच. पण दोन-तीन आठवड्यांत मांडीमागच्या शिरा आखडतात, गुडघा सरळ होत नाही. न सरळ होणाऱ्या गुडघ्याला पाय बसवणं अवघड, आणि बसवला तरी माणूस वाकून चालतो. खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणंही त्यातच आलं. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं. ज्यांना पालथं झोपवत नाही त्यांनी उताणं, गुडघा सरळ, उशीशिवाय.

तेल, हळद, स्पिरिट

हा वाद डॉक्टर आणि घर यांच्यातला आहे, आणि त्यात डॉक्टरांनीही चुका केल्या आहेत. आम्हाला शिकताना सांगितलं होतं की स्पिरिट लावून कातडी ‘टणक’ करायची. मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत कितीतरी जणांना ते सांगितलं. स्पिरिटने कातडी टणक होत नाही, कोरडी होऊन भेगाळते, आणि सॉकेटमध्ये ती भेग उघडते. आता ते कोणी सांगत नाही.

तेलाच्या मालिशीचा आग्रह घराचा. तो पूर्ण चुकीचा नाही. टाके निघून जखम पक्की भरल्यावर व्रणाची जागा बोटाने हळूहळू फिरवत सोडवली तर आतली कातडी हाडाला चिकटत नाही. चिकटलेला व्रण सॉकेटमध्ये हमखास फाटतो. पण ही मालिश रात्री, सॉकेट काढल्यावर, थोड्या तेलाने. सकाळी पाय घालण्याआधी तेल किंवा क्रीम लावलं तर कातडी मऊ पडून सोलते आणि आत बुरशी धरते. जखम भरली नसताना हळद, बिब्बा, पाल्याचा लेप यांतलं काही नको. आत काय चाललं आहे ते त्याखाली झाकलं जातं.

रोजची निगा साधी आहे. संध्याकाळी साध्या साबणाने धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, टिपून कोरडं करायचं. सकाळी नाही, कारण ओल्या कातडीवर सॉकेट चढवलं की मोजा चिकटतो. मग हातातला आरसा टोकाखाली धरून पाहायचं. ज्याला मधुमेह आहे त्याला लागलेलं कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुखणं हा भरवशाचा इशारा नाही. डोळे हाच इशारा. दुसऱ्या पायाचा तळवाही त्याच आरशात पाहावा.

नसलेलं पाऊल खाजणं, मुरगळल्यासारखं दुखणं हे बहुतेकांना होतं. घरचे घाबरतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात. तसं काही नसतं. ते वेदनेच्या मज्जामार्गातून येतं. त्यावर गोळ्या आहेत, आरशात धड पाय पाहून करायचे व्यायाम आहेत, आणि काहींना स्टंपवर नीट पट्टी असली तरी बरं वाटतं. रात्री अपरात्री नसलेल्या पायावर भार टाकून पडणं हा याचाच दुसरा भाग. वॉकर खाटेच्या ज्या बाजूने उठता त्याच बाजूला, हाताला लागेल असा ठेवावा, म्हणजे उठताना आधी तो आडवा येतो.

दुसरा वाद: माप केव्हा

एक बाजू म्हणते, लवकर. माणूस दोन-तीन महिने खाटेवर राहिला तर ताकद जाते, धड पायावर सगळा भार येतो, आणि मधुमेहात तो धड पायही जाण्याचा धोका असतो. परदेशात पाचव्या-सातव्या दिवसापासून हवेच्या फुग्याच्या आवरणात थोडा भार देऊन उभं करतात. आपल्याकडे काही ठिकाणी प्लास्टरचं सॉकेट आणि खाली नळी असा तात्पुरता ‘पायलॉन’ करतात. पाय लवकर घातला की सूजही लवकर उतरते, हा त्यांचा मुद्दा.

दुसरी बाजू म्हणते, थांबा. सूज उतरायच्या आत घेतलेलं माप महिन्यात ढगळ होतं, आणि ढगळ सॉकेट न मिळण्यापेक्षा वाईट. मधुमेहातली जखम वरून भरलेली दिसते, आत कच्ची असते. टाके साधारण तीन आठवड्यांनी निघतात, मधुमेहात त्याहून उशिरा. त्यानंतर माप स्थिर होईपर्यंत धीर धरावा.

दोघांना मान्य होईल अशी एक खूण आहे, आणि ती घरच्या शिवणकामाच्या टेपने पाहता येते. गुडघ्याच्या वाटीखालचं हाडाचं टेंगूळ ही एक जागा, आणि टोकापासून चार बोटं वर ही दुसरी. दर रविवारी सकाळी, पट्टी सोडल्याबरोबर, दोन्ही ठिकाणचा घेर वहीत लिहायचा.

एक उदाहरण मांडतो. माणूस कल्पित आहे, पण आकडे रोज दिसतात तसे आहेत. समजा राधानगरीजवळच्या गावातल्या बावन्न वर्षांच्या शेतकऱ्याचा पाय मार्चअखेर कापला. तिसऱ्या आठवड्यात टाके निघाले तेव्हा वरचा घेर 32 सेंटिमीटर आणि टोकाकडचा 33. म्हणजे टोक अजून फुगलेलं आहे, माप घेण्यात अर्थ नाही. चौथ्या आठवड्यात टोकाकडे 31.8, पाचव्यात 31, सहाव्यात 30.7. वरचा घेर 31.5वर थांबला. आता टोक वरच्यापेक्षा बारीक आहे, आणि आठवड्याचा फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आला आहे. असंच आणखी एक आठवडा राहिलं, व्रण कोरडा असला आणि गुडघा पूर्ण सरळ होत असला, तर माप घ्यायला हरकत नाही. म्हणजे मेच्या मध्यात. टोक सहाव्या आठवड्यालाही 33वरच असतं, तर दोष शक्यतो पट्टीत असता. तो आधी शोधायचा.

तिसरा वाद: शिबिर की केंद्र

शिबिरात सकाळी माप, प्लास्टरचा साचा, तापवलेल्या एचडीपीईचं सॉकेट, आणि एक-दोन दिवसांत पाय हातात. फुकट. ज्या माणसाला मजुरी बुडवून मुंबई-पुण्याला चार खेपा घालणं शक्य नाही, त्याच्यासाठी ही सोय दुसरी कुणी केलेली नाही, हे मान्य करावंच लागेल. शिबिरावर टीका करणारे पुष्कळदा हे विसरतात.

टीका मात्र पोकळ नाही. शिबिर जातं. सहा आठवड्यांनी सॉकेट ढगळ झालं, हाडावर टोचायला लागलं, की कुणाकडे जायचं? जुन्या पद्धतीच्या उघड्या तळाच्या सॉकेटमध्ये टोकाला आधार मिळत नाही, त्यामुळे टोक सुजतं, हाही आक्षेप आहे. केंद्रातल्या पद्धतीत तंत्रज्ञ गुडघा थोडा वाकवून स्टंपवर पातळ मोजा चढवतो आणि न पुसणाऱ्या पेन्सिलीने नडगीची धार, बाहेरच्या बाजूचं हाडाचं गोल टोक या दुखऱ्या जागा खुणावतो. प्लास्टर ओलं असताना दोन्ही अंगठ्यांनी वाटीखालच्या शिरेच्या बाजूला दाब देतो. मग भरीव साच्यावर दुखऱ्या जागी भर घालतो, भार घ्यायच्या जागी तासतो. त्यानंतर चाचणीचं सॉकेट, दोन-तीन फेऱ्या. हे काम दिवसात होत नाही असं केंद्रवाले म्हणतात. शिबिरवाले म्हणतात, कसबी हात असेल तर होतं. दोघांचीही उदाहरणं मी पाहिली आहेत.

राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांवरून निघालं तर आणखी दूर, आणि आषाढात एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. माझ्या मते इथल्या माणसाने ‘कोणता पाय’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न, पहिल्या वर्षात तीन-चार वेळा ज्या ठिकाणी परत जाता येईल असं ठिकाण कोणतं. जिल्ह्याच्या ठिकाणी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आहे, तिथे चौकशी करून सुरुवात करता येते. शिबिरात पाय घेतला असला तरी दुरुस्ती जवळ कुठे होईल, हे घेतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावं.

पावलाबद्दल एकच. जे पाऊल बुटाच्या टाचेच्या हिशेबाने बसवलेलं असतं ते घालून घरात अनवाणी चाललं, की सॉकेट मागे झुकतं आणि गुडघा मागे ढकलला जातो. उलट उंच टाचेची चप्पल घातली की गुडघा पुढे मोडल्यासारखा होतो. म्हणून माप द्यायला जाताना रोजचं पायतण बरोबर न्यावं, आणि घरात अनवाणी वावरता की काय ते सांगावं. कोल्हापुरी चप्पल रबरी पावलातून निसटते, कारण अंगठा तिला धरू शकत नाही. मागे पट्टा शिवून घ्यावा लागतो.

पाय हातात आल्यावर

समजा आपल्या शेतकऱ्याला मेअखेर पाय मिळाला. पहिल्याच दिवशी गल्लीत फेरी मारायची त्याची इच्छा असते, आणि शेजारीपाजारी पाहायला आलेले असतात. इथेच सर्वात जास्त पाय बिघडतात.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, तीनदा. प्रत्येक वेळी पाय काढून, मोजा काढून कातडी पाहायची. लाली दिसणारच. पाहायचं ते ती कुठे आहे आणि किती वेळ राहते. वाटीखालच्या शिरेवर, नडगीच्या आतल्या बाजूच्या रुंद भागावर लाली असेल तर भार तिथेच यायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांत ती मावळली की ठीक. नडगीच्या धारेवर, बाहेरच्या हाडावर किंवा टोकाला लाली असेल, किंवा अर्ध्या तासानेही तशीच असेल, तर त्या दिवशी पाय पुन्हा घालायचा नाही. फोड आला किंवा कातडी सोलली तर बरी होईपर्यंत पाय भिंतीला टेकवून ठेवायचा. ‘थोडं सोसलं की सवय होते’ हे बुटाला लागू आहे, सॉकेटला नाही.

सगळं ठीक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धा तास, मग रोज अर्धा-एक तास वाढवत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी साधारण अर्धा दिवस. पूर्ण दिवस चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. मधुमेहात वेग याहून कमी ठेवावा. आधार म्हणून अंगणात कंबरेच्या उंचीला दोन बांबू समांतर बांधले की उत्तम बार तयार होतात. भार किती पडतो हे कळायला घरचा वजनकाटा आणि तेवढ्याच उंचीचा पाट शेजारी ठेवायचा. कृत्रिम पाय काट्यावर, धड पाय पाटावर. सुरुवातीला पंधरा-वीस किलो, मग हळूहळू शरीराच्या निम्म्या वजनापर्यंत. पायरी चढताना धड पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. बांधावर आणि चिखलात या काळात जायचंच नाही.

आता मोजे. हा भाग मी लांबवणार आहे, कारण पहिल्या महिन्यांतल्या निम्म्या तक्रारी यातच मिटतात. स्टंपवर घालायचे सुती मोजे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, जाडी ‘प्लाय’मध्ये मोजतात: एक, तीन, पाच. स्टंप बारीक होतो तशी जाडी वाढवून सॉकेट पुन्हा घट्ट करायचं असतं. ते केव्हा करायचं हे पायच सांगतो. स्टंप सॉकेटमध्ये जास्त खोल गेला की टोक तळावर आदळतं, टोकाला दुखतं, वाटीची खालची कड सॉकेटच्या काठावर घासते, आणि चालताना पाय सुटल्यासारखा वर-खाली होतो. अशा वेळी एक मोजा वाढवायचा. उलट सकाळी पाय आत पूर्ण जातच नाही, बाहेरचं हाड नेहमीच्या खोबणीच्या वर राहतं, टोक मोकळं राहून जांभळट फुगतं, तर मोजे जास्त झाले आहेत किंवा रात्री सूज आली आहे. म्हणून पहिलं वर्ष पाय काढला की पट्टी बांधायची, रात्रीही. सकाळी तीन प्लाय आणि दुपारनंतर पाच, असा एकाच दिवसात फरक पडणं नेहमीचं आहे. बाहेर जाताना खिशात एक मोजा ठेवायचा.

आपला शेतकरी जूनमध्ये तीन प्लायवर सुरू झाला, जुलैअखेर आठवर आला. गणपतीपर्यंत दहा. दिवाळीला बारा-तेरा झाले आणि तरी सैल वाटलं, तर मोजे वाढवणं थांबवायचं. जाड मोज्यांच्या थरात भार ठरल्या जागी पडत नाही, सॉकेट आत फिरायला लागतं. ही नव्या सॉकेटची वेळ. बिघडलं म्हणून नाही, पाय अपेक्षेप्रमाणे बारीक झाला म्हणून. पहिल्या वर्षात सॉकेट बदलावं लागणार हे आधीच माहीत असलं तर ‘फुकटचा पाय, म्हणून असा’ असं वाटत नाही.

पावसाळ्यात राधानगरीत मोजे वाळत नाहीत. चुलीजवळ वाळवले तर ते कडक होतात, आणि कडक मोज्याची घडी कातडीत रुतते. निदान सहा मोजे हवेत. रोज साध्या साबणाने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबून सुती पंचावर पसरायचे, घरात पंख्याखाली. शिवण बाहेरच्या बाजूला, व्रणावर किंवा नडगीवर येऊ द्यायची नाही. ओला मोजा घालून निघण्यापेक्षा त्या दिवशी वॉकर बरा. सॉकेटही आतून रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, नाहीतर दमट हवेत आठवड्यात वास धरतो आणि मग पुटकुळ्या येतात.

काय सुटलेलं नाही

पट्टीचा प्रश्न पुराव्याच्या अंगाने मोकळाच आहे, हे वर आलंच. मधुमेहात जखमेला थोडीशी भेग उरली असताना पाय घालू द्यावा का, यावर दोन मतं आहेत. काही अनुभवी तंत्रज्ञ थोडा वेळ, रोज पाहून, घालू देतात. बाकीचे साफ नाही म्हणतात. माझ्याकडे जखम पाहणारं कुणी रोज नसेल तर मी नाहीच म्हणतो.

सिलिकॉनचे आवरण-मोजे, म्हणजे लायनर, 1980च्या दशकात आइसलंडमधून जगभर गेले. भार सगळ्या स्टंपवर सारखा पसरतो, व्रण सांभाळला जातो, म्हणून मोठ्या शहरांत ते सांगितले जातात. पण ते महाग आहेत, वापराने झिजतात, बदलावे लागतात, आणि दमट हवेत आत घाम साचतो. भातशेतीत काम करणाऱ्याला ते कितपत टिकतील यावर एकमत नाही. आणि उकिडवं बसण्याचं काय? रबरी पाऊल वाकतं, पण सॉकेटची मागची कड गुडघ्यामागे रुतते. कड खाली घेतली तर पकड जाते. प्रत्येक पायात ही घासाघीस नव्याने करावी लागते, आणि तंत्रज्ञाला आपण खाली बसून जेवतो, देशी संडास वापरतो हे सांगितल्याशिवाय तो ती करणार नाही.

शिबिरात दिलेले किती पाय वर्षाने वापरात असतात आणि किती माळ्यावर, यावरही वाद आहे. दोन्ही बाजू आपापले अनुभव सांगतात. मला एवढं माहीत आहे की माळ्यावरचा पाय खाली काढून आणलेल्या घरांत मी आधी तो पाय पाहत नाही. टेप मागतो, दोन ठिकाणचा घेर घेतो, आणि मग विचारतो, मोजे किती घालता?

‘मोजे? एकच दिला होता की,’ असं उत्तर येतं.